विड्याचं पान ही भाजी आहे का? तीन नियम आणि अकोल्याचा एक निकाल

अकोल्यातल्या पान-व्यापाऱ्यांचं म्हणणं साधं होतं. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार विक्रीकर कायदा, १९४७ च्या करमुक्त यादीत सहावी नोंद 'भाज्यां'ची होती, फक्त सीलबंद डब्यांतून विकलेल्या भाज्या तिच्यातून वगळलेल्या. विड्याचं पान वेलीला लागतं, वेल ही वनस्पती, आणि इंग्रजी शब्दकोशात 'व्हेजिटेबल' म्हणजे वनस्पती किंवा तिच्या भागांपासून मिळालेलं ते सगळं. म्हणून पान ही भाजी, आणि तिच्यावर विक्रीकर नाही. विक्रीकर अधिकाऱ्याला हे मान्य नव्हतं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९६१ मध्ये व्यापारी हरले.

कायद्याचा अर्थ लावण्याचे तीन नियम शिकायला या खटल्याइतका चांगला धडा क्वचितच सापडेल. तरी एलएलबीच्या उत्तरपत्रिकांत तो फार तर एका ओळीत येतो: 'रामावतार बुधाईप्रसाद, १९६१, बीटल लीव्हज, कॉमन पार्लन्स.' बाकी उत्तराचा साचा ठरलेला असतो. आधी लिटरल रूलची व्याख्या आणि दोन खटले, मग गोल्डन रूलची व्याख्या आणि दोन खटले, मग मिस्चिफ रूल आणि १५८४ चा हेडनचा खटला. शेवटच्या पाच ओळींत प्रश्नातल्या माणसांची आठवण होते आणि 'तिन्ही नियम लावता अमुक दोषी ठरेल' असा निकाल लागतो. प्रश्न दिलेल्या तथ्यांवर नियम लावून दाखवायचा असतो, आणि नेमका तोच भाग अशा उत्तरात नसतो.

हा दोष फक्त विद्यार्थ्यांचा नाही. शिकवताना तीन नियमांचे तीन कप्पे केले जातात: शब्दाला चिकटणारा न्यायाधीश, शहाणा न्यायाधीश आणि हेतू पाहणारा न्यायाधीश. मग वर्तमानपत्रातली चर्चाही तशीच चालते. निकाल आवडला नाही की 'कोर्टाने शब्दशः अर्थ घेतला', आवडला की 'कायद्याचा आत्मा ओळखला'. माझ्या मते ही मांडणीच चुकीची आहे. कायद्यातला एकच वादाचा शब्द समोर ठेवायचा आणि त्याला तीन वेगळे प्रश्न विचारायचे, इतकंच या नियमांचं काम. त्यातला पहिला प्रश्न नीट विचारला तर पुढचे दोन बरेचदा फक्त पडताळणीसाठी उरतात.

अकोल्याच्या खटल्यात वादाचा शब्द एकच आहे: 'भाजी'. व्यापारी पान विकतो, ते पान आहे, ते सीलबंद डब्यात नाही, यातल्या कशावरही वाद नाही. उत्तराची पहिली ओळ हीच असावी. वादाचा शब्द कोणता आणि वाद नसलेल्या गोष्टी कोणत्या, हे आधी वेगळं केलं की निम्मं भरताड आपोआप गळून पडतं.

आता लिटरल रूल. या नियमाबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की शब्दशः म्हणजे शब्दकोशाप्रमाणे. व्यापाऱ्यांनी हाच आधार घेतला होता आणि वरवर पाहता तो भक्कम दिसतो. पण नियम सांगतो की शब्दाचा साधा, रोजच्या वापरातला अर्थ घ्या. शब्दकोश एका शब्दाचे सगळे अर्थ एकाखाली एक देतो. त्यातला कोणता या कायद्यात वापरला आहे हे तो सांगत नाही. 'वनस्पतीपासून मिळालेलं' हा वनस्पतिशास्त्राचा अर्थ झाला. कर भरणारा दुकानदार आणि तो गोळा करणारा अधिकारी, दोघंही वनस्पतिशास्त्राच्या वर्गात बसलेले नाहीत. म्हणून सुप्रीम कोर्टाने शब्दाचा लोकव्यवहारातला अर्थ घेतला, उत्तरपत्रिकेतलं 'कॉमन पार्लन्स' म्हणजे हेच. त्या मालाशी ज्यांचा रोजचा संबंध येतो ते लोक या शब्दाने काय समजतात, ही कसोटी. नागपूर हायकोर्टाने त्याआधीच नागपूरच्या पान-व्यापाऱ्यांच्या प्रकरणात भाजीचा अर्थ परसबागेत पिकवून जेवणाच्या पानात वाढतात तो वनस्पतिमाल असा लावला होता, आणि सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला.

ही कसोटी वापरायची कशी? 'लोक काय समजतात' असं नुसतं लिहून भागत नाही, ते दाखवावं लागतं. घरातल्या कोणाला 'मंडईतून भाजी घेऊन ये' म्हणून पिशवी दिली आणि तो विड्याची पानं घेऊन आला, तर त्याला परत पाठवतील. अळूची पानं आणली तर कोणी काही म्हणणार नाही, वडी करतील किंवा फदफदं. दोन्ही पानंच. एकात बेसन लावून गुंडाळी होते, दुसऱ्यात चुना-कात लावून. फरक वनस्पतीत नाही, ते कुठे विकलं जातं आणि कशासाठी नेलं जातं यात आहे. पानाचा व्यापार वेगळा, पानवाला वेगळा, खाण्याची वेळही जेवणानंतरची.

इथे घाई करणारा एक सोपा नियम बनवून टाकतो: ज्याची भाजी होते ती भाजी. १९७७ मध्ये पश्चिम बंगालच्या विक्रीकराखाली ओलं आलं भाजी आहे का असा प्रश्न सुप्रीम कोर्टापुढे आला, तेव्हा हा नियम टिकला नाही. आल्याची भाजी कोणी करत नाही. तरी कोर्टाने आलं भाजीत धरलं, कारण ते भाजीबरोबर स्वयंपाकात जातं आणि बाजारात भाजीच्या सोबतीने विकलं जातं. आपल्याकडेही भाजीवाली कोथिंबीर-आलं भाजीच्या पिशवीतच टाकते, पूर्वी तर वरकड म्हणून फुकट द्यायची. त्या बंगाली कायद्यात 'सब्जी, तरकारी किंवा शाक म्हणून सामान्यतः ओळखल्या जाणाऱ्या' असे देशी शब्दच घातले होते, त्यामुळे कोर्टाला लोकव्यवहाराकडे बघणं आणखी सोपं गेलं. कसोटी एकच, आल्याला लागू पडते आणि पानाला नाही. म्हणूनच ती कसोटी कामाची.

म्हणजे लिटरल रूलनेच व्यापारी हरला. या नियमाला आंधळा ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आंधळा होता तो शब्दकोश.

गोल्डन रूलचा प्रश्न यानंतर येतो, आणि तो वेगळा प्रश्न आहे: हा अर्थ घेतला तर कायदा स्वतःशीच विसंगत किंवा मूर्खपणाचा होतो का? याची दोन रूपं आहेत आणि उत्तरात कोणतं वापरतो आहोत हे सांगितलंच पाहिजे. अरुंद रूपात शब्दाला दोन अर्थ असतात आणि त्यातला मूर्खपणा टाळणारा निवडायचा. १८७२ च्या ॲलनच्या खटल्यात इंग्लंडमध्ये 'लग्न करणे' या शब्दाला असेच दोन अर्थ निघाले. आधीचं लग्न अस्तित्वात असताना दुसरं 'कायदेशीर लग्न' होऊच शकत नाही. तसा अर्थ घेतला असता द्विभार्येच्या गुन्ह्यात कोणालाच शिक्षा झाली नसती. म्हणून लग्नाचा विधी पार पाडणं म्हणजे लग्न करणं, असा दुसरा अर्थ घेतला. रुंद रूपात शब्दाचा अर्थ एकच असतो, पण तो लावला तर परिणाम असह्य होतो म्हणून न्यायाधीश त्याला मुरड घालतो. १९३५ च्या सिग्सवर्थच्या प्रकरणात आईचा खून करणाऱ्या मुलाला 'अपत्य' म्हणून तिची मालमत्ता मिळणार होती, ती कोर्टाने मिळू दिली नाही.

पानाच्या प्रश्नात रुंद रूपाची गरज नाही. अरुंद रूप मात्र व्यापाऱ्याच्या अर्थाला थेट छेद देतं. भाजी म्हणजे सगळा वनस्पतिमाल असं धरलं तर लाकूड, कापूस, तंबाखू सगळंच करमुक्त होईल. आणि आणखी एक ठोस पुरावा यादीतच होता. मूळ करमुक्त यादीत सहाव्या नोंदीत भाज्या होत्या, आणि छत्तिसाव्या नोंदीत विड्याची पानं स्वतंत्रपणे होती. पान ही भाजीच असती तर छत्तीस क्रमांकाची नोंद लिहिण्याचं कारणच नव्हतं. कायद्याच्या एका नोंदीने दुसरी नोंद निरर्थक होईल असा अर्थ शक्यतो घेत नाहीत. गोल्डन रूलची ही सगळ्यात सुरक्षित जागा आहे, कारण मूर्खपणा आपल्या मतावर नव्हे, कायद्याच्या मजकुरावर दाखवता येतो.

उत्तरपत्रिकांत इथे हमखास चूक होते. 'अळूला कर नाही आणि विड्याच्या पानाला कर, हे विचित्र आहे' असं लिहून गोल्डन रूल लावला जातो. ते विचित्र नाही, फक्त एखाद्या पानवाल्याला न आवडणारं आहे. करात कुठेतरी रेघ ओढावीच लागते आणि रेघेच्या दोन बाजूंना सारख्या दिसणाऱ्या वस्तू पडतातच. अन्याय वाटणं आणि मूर्खपणा निघणं या दोन गोष्टींत गल्लत झाली की गोल्डन रूल म्हणजे न्यायाधीशाची मर्जी असं वाटू लागतं, आणि मग तो बदनाम होतो.

तिसरा प्रश्न मिस्चिफ रूलचा. कायद्याने जे अनिष्ट दूर करायचं ठरवलं ते ओळखून त्या बाजूचा अर्थ घ्या, हा त्याचा गाभा. हेडनच्या खटल्यातले चार प्रश्न पाठ करून लिहिणं सोपं आहे, लावणं कठीण. कायदा होण्याआधी काय स्थिती होती, त्या स्थितीत कोणतं अनिष्ट किंवा उणीव होती, तिच्यावर कायदेमंडळाने कोणता उपाय केला, आणि त्या उपायाचं खरं कारण काय. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९५५ च्या बंगाल इम्युनिटीच्या निकालात ही पद्धत घेतली, तीही संविधानातल्या आंतरराज्य विक्रीकराच्या तरतुदीसाठी.

पानाच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर हातात आहे: पानं आधी स्वतंत्र नोंदीने करमुक्त होती. उपायाचं उत्तरही आहे: १९४८ च्या दुरुस्ती कायद्याने छत्तिसावी नोंद काढून टाकली. मधल्या 'अनिष्टा'बद्दल मात्र तोंडाला येईल ते लिहायचं नसतं. पान खाणं वाईट, सरकारला ते रोखायचं होतं, अशी वाक्यं उत्तरात दिसतात. त्याला कायद्यात कसलाही आधार नाही. आधार एवढाच की सूट होती आणि सूट काढली, म्हणजे पानांवर कर लागावा अशी इच्छा. कोर्टानेही एवढंच म्हटलं.

याच ठिकाणी उत्तराची खरी परीक्षा होते, कारण व्यापाऱ्याचा वकील तोच पुरावा उलटा वाचू शकतो. 'छत्तिसावी नोंद काढली, कारण ती अनावश्यक होती. पान आधीच भाजीत येत होतं.' हा युक्तिवाद हास्यास्पद नाही. त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि ते असं: नोंद अनावश्यक म्हणून काढायची असती तर काढताना कर बदलणार नाही हे कुठेतरी दिसलं असतं. नोंद काढल्यावर पानावर कर लागतो हाच त्या दुरुस्तीचा नैसर्गिक परिणाम. शिवाय पहिल्या टप्प्यात पान भाजीत येत नाही हे आपण लोकव्यवहारावरून ठरवलंच आहे. उलट युक्तिवाद मांडून तो खोडणारं उत्तर आणि एकाच बाजूने धावत जाणारं उत्तर यांत परीक्षक जो फरक करतो तो इथेच.

इथपर्यंत तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच दिशेला गेली. परीक्षेत दिलेली तथ्यं बहुधा इतकी सरळ नसतात, म्हणून त्याच जुन्या नोंदीवर तथ्यं बदलून पाहू. कायदा आता इतिहासजमा आहे, पण त्याचं वाक्य सरावाला उत्तम आहे: 'भाज्या, सीलबंद डब्यांतून विकल्या असतील त्या वगळून.' समजा एक दुकानदार तीन वस्तू विकतो. एक, सोललेले ताजे मटार, २५० ग्रॅमच्या प्लॅस्टिक पिशवीत, तोंड उष्णतेने चिकटवलेलं, दोन-तीन दिवसांत खपवायचे. दोन, तसल्याच पिशवीत गोठवलेले मटार, कित्येक महिने टिकणारे. तीन, ५० किलोचं कांद्याचं पोतं, सुतळीने तोंड शिवलेलं. तिन्हींवर कर मागितला आहे.

वादाचा शब्द आता 'भाजी' नाही. मटार आणि कांदा भाजी आहेत यावर कोणी भांडणार नाही. वाद 'सीलबंद' आणि 'डबा' या दोन शब्दांवर. ज्याने वरचं सगळं उत्तर 'भाजी'वर लिहून ठेवलं असेल त्याचा पेपर इथेच घसरतो. पाठ केलेलं उत्तर लावण्याचा हा नेहमीचा शेवट.

मूळ इंग्रजी शब्द 'कंटेनर' आहे, आणि तो डब्यापेक्षा मोठा आहे. प्लॅस्टिक पिशवी मराठीत डबा नाही, पण ज्यात माल ठेवता येतो ते सगळं 'कंटेनर' म्हणता येतं. अर्थ इंग्रजी मजकुराचा लावायचा आहे, भाषांतराचा नाही. हे उत्तरात एका वाक्यात सांगावं. मग शब्दशः अर्थाने पिशवीही कंटेनर आणि पोतंही कंटेनर. 'सीलबंद'चं काय? चिकटवलेलं तोंड फाडल्याशिवाय उघडत नाही आणि पुन्हा तसंच बंद होत नाही, म्हणून ते सील. शिवलेली सुतळीही कापावीच लागते. नुसत्या शब्दांवर थांबलो तर तिन्हींवर कर लागतो.

इथे गोल्डन रूलचं खरं काम पडतं, आणि ते मटारात नाही, पोत्यात पडतं. शिवलेलं पोतं सीलबंद धरलं तर घाऊक बाजारातला कांदा, बटाटा, लसूण बहुतेक सगळाच करात जाईल, कारण तो पोत्यातूनच विकला जातो. भाज्यांना सूट देणाऱ्या नोंदीतून घाऊक भाजीबाजारच बाहेर पडला तर सूट उरली कोणाला? हा मूर्खपणा कायद्याच्या स्वतःच्या मजकुरावरून दिसतो, दुकानदाराच्या नफ्यावरून नाही. म्हणून 'सील' या शब्दाच्या दोन अर्थांतून अरुंद अर्थ घ्यावा: नुसतं बंद नव्हे, तर हवा-ओल आत जाणार नाही असं बंद. पोतं सुटलं. मटाराच्या दोन्ही पिशव्या मात्र या अर्थातही अडकतात.

आता मिस्चिफ. अपवाद का ठेवला असेल? नोंदीच्या रचनेवरून एवढं म्हणता येतं की घरोघरी रोज लागणारी भाजी करमुक्त ठेवायची होती आणि टिकवून बंद केलेला माल तिच्यातून बाहेर काढायचा होता. १९४७ मध्ये हवाबंद डब्यातला माल हेच त्याचं ठळक रूप. हा हेतू धरला तर गोठवलेले मटार सरळ अपवादात बसतात, ते टिकवूनच बंद केलेले आहेत. ताजे मटार बसत नाहीत. त्यांचं तोंड सोयीसाठी चिकटवलेलं आहे, टिकवण्यासाठी नाही. ते दोन दिवसांनी खराब होणारच.

म्हणजे ताज्या मटारावर नियम फुटले. शब्द सांगतो कर लावा, हेतू सांगतो लावू नका. अशा वेळी 'हेतू श्रेष्ठ' किंवा 'शब्द श्रेष्ठ' म्हणून सुटका करून घेता येत नाही. कायदा कोणत्या जातीचा आहे ते पाहावं लागतं. कर कायद्यात आपल्याकडे याला स्पष्ट उत्तर आहे. कमिशनर ऑफ कस्टम्स, मुंबई विरुद्ध दिलीप कुमार या २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की कर लावणाऱ्या तरतुदीत संदिग्धता असेल तर फायदा करदात्याचा, पण सूट देणाऱ्या तरतुदीत संदिग्धता असेल तर फायदा सरकारचा, आणि आपण सुटीत बसतो हे दाखवण्याची जबाबदारी करदात्याची. या दोन्हींची अदलाबदल करणारी उत्तरं इतकी असतात की मुद्दाम वेगळं लिहावंसं वाटतं.

म्हणून आजचा कायदा लावला तर माझ्या मते ताज्या मटाराच्या पिशवीवरही कर लागेल. हेतू दुकानदाराच्या बाजूने आहे हे मान्य करूनही. उत्तरात हे दोन्ही लिहावं, आणि निकाल २०१८ चा असल्याने १९४७ च्या काळात कोर्टाने वेगळं ठरवलं असतं, ही शक्यताही एका ओळीत नोंदवावी. 'दोन्ही बाजू संभवतात' म्हणून पेपर संपवू नये. परीक्षकाला निर्णय हवा असतो, आणि कोर्टात तर तो द्यावाच लागतो.

फौजदारी कायद्यात हीच निवड कशी होते ते पाहायला इंग्लंडमधलं १९६० हे वर्ष पुरेसं आहे. त्या वर्षी मुख्य न्यायाधीश लॉर्ड पार्कर यांच्यापुढे दोन प्रकरणं काही महिन्यांच्या अंतराने आली. पहिल्यात वेश्या घराच्या बाल्कनीतून आणि खिडकीतून रस्त्यावरच्या पुरुषांना बोलावत होत्या. कायदा 'रस्त्यावर किंवा सार्वजनिक ठिकाणी' ग्राहक बोलावण्याला गुन्हा म्हणत होता. लॉर्ड पार्कर यांनी हेतू पाहिला: लोकांना त्रासाशिवाय रस्त्यावरून जाता यावं. दोषी. दुसऱ्यात ब्रिस्टलच्या दुकानदाराने बटण दाबल्यावर उघडणारा चाकू किमतीच्या चिठ्ठीसह काचेत ठेवला होता. कायदा असा चाकू 'विक्रीसाठी देऊ करणं' गुन्हा ठरवत होता. इथे त्यांनी शब्द पाहिला: करार कायद्यात काचेतली वस्तू म्हणजे विक्रीचा प्रस्ताव नव्हे, फक्त ग्राहकाला प्रस्ताव मांडायचं आमंत्रण. निर्दोष.

दोन्ही निकाल पुस्तकांत विरोधी कप्प्यांत टाकले जातात, जणू न्यायाधीशाने मूड बदलला. शब्द नीट वाचले तर तसं दिसत नाही. 'रस्त्यावर' या शब्दाने बोलावणारी व्यक्ती रस्त्यावर असायला हवी की जिला बोलावलं ती, हे कायद्याने सांगितलं नव्हतं. जागा रिकामी होती, ती हेतूने भरली. 'विक्रीसाठी देऊ करणं' याला मात्र कायद्यात आधीपासून पक्का अर्थ होता आणि रिकामी जागा नव्हतीच. ती बदलायची तर संसदेने बदलायची, आणि १९६१ मध्ये तिने दुरुस्ती करून 'विक्रीसाठी मांडून ठेवणं' हे शब्द घातले. कोणाला शिक्षा व्हायची तर ती पुढच्या दुकानदाराला.

एवढ्यावरून एक कामाची खूण हाती येते. वादाच्या शब्दाला त्या शाखेत ठरलेला अर्थ असेल तर मिस्चिफ रूल तिथे फारसा चालत नाही. शब्द सैल असेल, कोण-कुठे-किती हे त्याने सांगितलं नसेल, तर हेतूला वाव मिळतो. उत्तर लिहिताना मिस्चिफकडे जाण्याआधी ही तपासणी केली, तर 'कायद्याचा हेतू पाहता' हे वाक्य उगाच लिहावं लागणार नाही.

सूट देणाऱ्या नोंदी लिहिणाऱ्यांनीही यातून काही घेतलं आहे. जीएसटीच्या करमुक्त यादीत विड्याच्या पानांची नोंद भाज्यांपासून वेगळी आहे, म्हणजे अकोल्याचा प्रश्न आता कोणी विचारू शकत नाही. सीलबंद पिशवीचा प्रश्न मात्र पुन्हा आला. १८ जुलै २०२२ पासून तांदूळ, पीठ, दही अशा वस्तूंवर 'आधीच पॅक केलेल्या आणि लेबल लावलेल्या' असतील तर ५ टक्के कर आला, आणि लगेच विचारणा सुरू झाली की घाऊक बाजारातल्या धान्याच्या पोत्याचं काय. सरकारने खुलासा काढला की २५ किलोपेक्षा मोठं एक पाकीट यात येत नाही. ३० किलोचं शिवलेलं पोतं सुटलं, आणि तेच धान्य १० किलोच्या तीन पिशव्यांत भरलं तर तिन्ही करात.